विश्लेषण : स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणे जीवघेणे का ठरू शकते? ‘हळूहळू कमी करा’ म्हणजे नेमके किती हळू?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, म्युकरमायकोसिसच्या बातम्यांबरोबर ‘स्टेरॉइड’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आणि त्याची भीतीही पोहोचली. मधुमेह असलेल्या रुग्णांना गरजेपेक्षा जास्त किंवा जास्त दिवस दिलेली स्टेरॉइड्स हे त्या बुरशीजन्य आजाराचे एक कारण होते, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही. अडचण अशी की, या भीतीपोटी संधिवात, दमा, मूत्रपिंड किंवा त्वचेच्या आजारासाठी महिनोन् महिने स्टेरॉइड घेणारा रुग्णही एके दिवशी गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकून देतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम हळूहळू येतात. ते एकदम बंद केल्याचा परिणाम मात्र काही दिवसांत दिसू शकतो आणि तो अधिक घातक असू शकतो. असे का होते, याचे उत्तर मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींमध्ये आहे.

ही कोणती स्टेरॉइड्स?

व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड्स वेगळी. येथे विषय आहे तो कॉर्टिकोस्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्यातली आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी नावे. ही सगळी औषधे शरीरातल्याच एका संप्रेरकाची, म्हणजे कॉर्टिसॉलची, कमी-अधिक ताकदीची रूपे आहेत. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी, मिथाइलप्रेडनिसोलोनची ४ मिलिग्रॅमची, डेफ्लाझाकोर्टची ६ मिलिग्रॅमची आणि डेक्सामेथासोनची जेमतेम पाऊण मिलिग्रॅमची मात्रा ढोबळमानाने सारखेच काम करतात. ‘अर्ध्या मिलिग्रॅमची तर गोळी आहे, तिने काय होणार’ हा समज म्हणूनच फसवा आहे.

निरोगी माणसाचे शरीर रोज जेवढे कॉर्टिसॉल तयार करते, ते प्रेडनिसोलोनच्या साधारण ४ ते ६ मिलिग्रॅमइतके भरते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

फायदा मोठा, मग किंमत कोणती?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश रायखस्टाइन यांना या संशोधनासाठी नोबेल मिळाले. अलीकडचे उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणी. प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या करोना रुग्णांमध्ये रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्या साध्या उपायाने मृत्यू कमी होतात, हे त्या चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. तेव्हा स्टेरॉइड हे वाईट औषध आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्रा आणि मुदत यांचा हिशेब सुटला की ते महागात पडते.

ही किंमत सर्वांत आधी रक्तातील साखरेत दिसते आणि तिथेच ती हमखास निसटते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर वाढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. पहाटेपर्यंत औषधाचा जोर ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटी तपासणी केली तर आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. स्टेरॉइड सुरू असलेल्यांनी दुपारच्या जेवणानंतरची साखर पाहणे जास्त उपयोगाचे असते.

दुसरा फटका हाडांना बसतो. हाडांची झीज ‘अनेक वर्षांनी’ होते असे लोक धरून चालतात, पण ती सर्वांत वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच होते. म्हणूनच दीर्घ उपचार ठरला की डॉक्टर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व सुरुवातीपासूनच लिहून देतात. मांडीच्या हाडाच्या गोलाला होणारा रक्तपुरवठा बिघडून तो झिजणे, हा याहून वेगळा प्रकार आहे. जांघेत सतत दुखणे आणि मांडी घालून बसता न येणे ही त्याची सुरुवातीची खूण असते. करोनानंतर मुंबईतील अस्थिरोगतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले होते.

गोल होत जाणारा चेहरा, मानेमागे साठणारी चरबी, पोटावरचे जांभळट पट्टे, जरा लागले की पडणारे काळेनिळे डाग हे बदल घरच्यांच्या आधी लक्षात येतात. जमिनीवर उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले, तर मांड्यांचे स्नायू कमकुवत झाल्याचे ते लक्षण असू शकते. मोतीबिंदू, काचबिंदू, झोप उडणे, चिडचिड आणि आपल्या देशात विशेष महत्त्वाचे म्हणजे शरीरात दबून बसलेला क्षय उसळणे, ही यादी आणखी लांबवता येईल. या दुष्परिणामांवर डॉक्टरांना नजर ठेवता येते. रुग्णाने परस्पर गोळी बंद केली की जे घडते, ते त्यांना कळतही नाही.

शरीरातली ग्रंथी ‘झोपते’ म्हणजे काय?

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. पाणी कमी झाले की तरंगणारा गोळा खाली येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. टाकी भरली की पंप बंद. शरीरात हा गोळा मेंदूत आहे. रक्तातले कॉर्टिसॉल कमी झाले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती एसीटीएच नावाचे संप्रेरक सोडते आणि त्याच्या हुकमावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. पहाटे हे उत्पादन सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. प्रेडनिसोलोनची गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आता याच टाकीत रोज बाहेरून टँकर रिकामा होऊ लागला तर? गोळा कायम वर राहील आणि पंप कधी सुरूच होणार नाही. काही दिवसांनी टँकर थांबला तर पंप पूर्वीसारखा चालेल. पण वर्षभराने थांबला तर? न चालवलेला पंप तोवर जाम झालेला असतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे तसेच होते. एसीटीएचचा हुकूम येणे बंद झाले की कॉर्टिसॉल बनवणारा तिचा थर अक्षरशः आक्रसत जातो. औषध बंद केल्यावर मेंदूकडून इशारे तुलनेने लवकर परत येऊ लागतात, पण आक्रसलेल्या ग्रंथीला पुन्हा उभे राहायला वेळ लागतो. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला सहा महिने, तर कुणाला वर्ष किंवा त्याहून जास्त.

हे वैद्यकशास्त्राला फार लवकर आणि फार कटुपणे कळले होते. नोबेलनंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये ३४ वर्षांच्या एका संधिवाताच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. तो कित्येक महिने कॉर्टिसोन घेत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी ते थांबवले गेले. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या.

गोळी बंद केल्यावर नेमके काय घडते?

एक नमुना उदाहरण पाहू. रुग्ण काल्पनिक आहे, पण असा घटनाक्रम वैद्यकीय विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना अनोळखी नाही. ५८ वर्षांच्या एका बाईंना संधिवातासाठी प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम लिहून दिले जाते. दोन दिवसांत बोटे मोकळी होतात. चिठ्ठी पंधरा दिवसांची असते, पण औषधाच्या दुकानातून तीच पट्टी पुढे चौदा महिने येत राहते. मग शेजारी सांगतात, ‘अहो काकू, ते स्टेरॉइड आहे, हाडे ठिसूळ होतात.’ सल्ल्यात खोटे काहीच नसते. त्या दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद करतात.

पहिले दोन दिवस फक्त थकवा जाणवतो. तिसऱ्या दिवशी सांधे पुन्हा आखडतात, भूक मरते, मळमळ सुरू होते. चौथ्या दिवशी ताप येतो, उलट्या होतात, उठून उभे राहिले की डोळ्यांसमोर अंधारी येते. सगळ्यांना वाटते बाहेरचे काही खाण्यात आले असावे. रुग्णालयात नेतात तेव्हा रक्तदाब ८० वर ५०, साखर ५८ आणि रक्तातील सोडियम कमी. सलाइन चढवले की रक्तदाब थोडा वर येतो आणि पुन्हा घसरतो.

ही सारी कॉर्टिसॉलच्या तुटवड्याची लक्षणे आहेत. कॉर्टिसॉल रक्तवाहिन्यांचा ताण टिकवून ठेवते, उपाशी असताना यकृताला साखर सोडायला लावते आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा वेळी त्याची गरज एरवीपेक्षा कैकपटीने वाढते. निरोगी ग्रंथी अशा वेळी उत्पादन लगेच वाढवते. आक्रसलेल्या ग्रंथीला ते जमत नाही. म्हणूनच असे रुग्ण अनेकदा साध्या तापाने किंवा जुलाबाने कोसळतात. या अवस्थेला ‘अ‍ॅड्रिनल क्रायसिस’ म्हणतात.

निदानात एक चकवा आहे. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच मुळात नष्ट होते, त्या अ‍ॅडिसनच्या आजारात त्वचा काळवंडते आणि पोटॅशियम वाढते. डॉक्टर पाठ्यपुस्तकात तेच शिकलेले असतात. पण स्टेरॉइडमुळे झोपलेल्या ग्रंथीचे मीठ-पाणी सांभाळणारे दुसरे संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, मूत्रपिंडाच्या हुकमावर चालते आणि ते शाबूत असते. त्यामुळे पोटॅशियम नॉर्मल, त्वचाही नेहमीसारखी. मग रोगाचा माग लागतो तो एकाच प्रश्नाने : ‘मागच्या वर्षभरात कोणत्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या कधी थांबवल्या?’ उदाहरणातल्या बाईंचा मुलगा रिकामी पट्टी दाखवतो. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिले जाते, पुढच्या २४ तासांत आणखी २०० मिलिग्रॅम. काही तासांत रक्तदाब टिकू लागतो. संशय असेल तर हे इंजेक्शन तपासणीच्या निकालाची वाट न पाहता द्यायचे, हा नियम आहे.

मग किती हळू कमी करायचे?

ज्यांनी तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ स्टेरॉइड घेतले, त्यांची ग्रंथी सहसा झोपलेली नसते. मात्रा कितीही असली तरी, केवळ ग्रंथीच्या भीतीने ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नसते, असे युरोप आणि अमेरिकेतील संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनांची २०२४ मधील संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दम्याच्या झटक्यासाठी दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्स डॉक्टर एकदम थांबवतात तो यामुळेच. वर्षातून असे कोर्स पुन्हा पुन्हा होत असतील, तर मात्र हा दिलासा तितका पक्का राहत नाही.

दीर्घकाळ घेणाऱ्यांचा उतार दोन भागांत समजून घ्यावा लागतो. वरचा भाग म्हणजे मोठ्या मात्रेपासून सुमारे ५ मिलिग्रॅमपर्यंत. या भागात शरीराला कॉर्टिसॉलची कमतरता नसतेच. बाहेरून गरजेइतके किंवा त्याहून अधिक मिळत असते. येथे हळू जायचे ते मुख्यतः मूळ आजार उसळू नये म्हणून. खालचा भाग म्हणजे ५ मिलिग्रॅमपासून शून्यापर्यंत. येथे गोळी कमी केली की पडणारी प्रत्येक तूट स्वतःच्या ग्रंथीने भरून काढायची असते. ४० वरून ३५ वर येणे आणि ५ वरून शून्यावर येणे, दोन्हींत फरक ५ मिलिग्रॅमचाच. पहिल्यात मात्रेचा आठवा हिस्सा जातो, दुसऱ्यात शरीराचा सगळा पुरवठा. बहुतेक रुग्णांची गफलत शेवटच्या याच उतारावर होते, कारण तोवर त्यांना बरे वाटत असते आणि ‘आता एकच गोळी तर उरली आहे’ असे वाटते.

उदाहरणातल्या बाईंना पुन्हा २० मिलिग्रॅमवर नेले जाते आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केले जाते. त्याचा परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, तोवर स्टेरॉइडचा आधार हवा. बाई स्थिरावल्यावर उतार सुरू होतो. दर दोन आठवड्यांनी अडीच मिलिग्रॅम कमी : साडेसतरा, पंधरा, साडेबारा, दहा. दहाच्या खाली वेग आणखी कमी होतो. साडेसातवर चार आठवडे, मग पाच. येथपर्यंत तीन महिने. १ मिलिग्रॅमची गोळी आपल्याकडे सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून अडीचची गोळी किंवा पाचची अर्धी असा मार्ग काढावा लागतो. हे वेळापत्रक फक्त या उदाहरणापुरते आहे. आजार, वय आणि आधीची मात्रा पाहून ते प्रत्येकासाठी वेगळे ठरते.

पाचवर चार आठवडे काढल्यावर सकाळी आठ-नऊच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी होते. आदल्या दिवशी सकाळची गोळी घेतल्यानंतर मध्ये निदान २४ तास जावे लागतात आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. गोळी घेऊन गेल्यास तपासणीत प्रेडनिसोलोनच काही प्रमाणात कॉर्टिसॉल म्हणून मोजले जाऊ शकते आणि खोटा दिलासा मिळतो. आकडा १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असे धरून औषध थांबवता येते. ५ ते १० मध्ये असेल तर थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. ५ च्या खाली असेल तर ग्रंथी अजून झोपलेली आहे. बाईंचा पहिला आकडा येतो ४.२. तीन महिन्यांनी ७.६. आणखी तीन महिन्यांनी ११.८ आणि गोळी बंद होते. चौदा महिने घेतलेले औषध सुटायला दहा महिने जातात.

कमी करताना त्रास झाला तर?

होतोच, अनेकांना. अंग दुखणे, मरगळ, उदास वाटणे, झोप बिघडणे. कधी हा मूळ आजार उसळल्याचा त्रास असतो. सांधे सुजले असतील किंवा धाप लागत असेल तर तो ओळखता येतो. कधी कॉर्टिसॉल पुरेसे असूनही शरीराला मोठ्या मात्रेची सवय झाल्याने तसे होते, याला ‘विड्रॉवल’ म्हणतात. मागच्या मात्रेवर काही आठवडे जाऊन उतार अधिक मंद केला की तो ओसरतो. ग्रंथीची खरी कमतरता असेल तर उभे राहताच चक्कर, उलट्या, पोटदुखी, वजन घटणे, साखर आणि रक्तदाब उतरणे ही लक्षणे पुढे येतात. पहिले दोन प्रकार डॉक्टरांच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकतात. उलट्या आणि ग्लानी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, कारण पोटात न टिकणारी गोळी ही न घेतलेली गोळीच असते.

उतार चालू असताना, आणि औषध थांबल्यानंतरही काही महिने, ताप आला, दात काढायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर ‘मी अमुक महिने स्टेरॉइड घेत होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगणे गरजेचे आहे. पाच मिलिग्रॅमवर असलेल्या रुग्णाची मात्रा तापाच्या दिवसांत सहसा तात्पुरती वाढवली जाते. हे चिठ्ठीवर लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. ‘हळूहळू कमी करा’ एवढे तोंडी सांगून रुग्णाला पाठवणे ही पळवाट आहे. तारीख आणि मात्रा यांचा तक्ता द्यायला दोन मिनिटे लागतात.

आपण स्टेरॉइड घेतो हेच माहीत नसेल तर?

हा प्रश्न आपल्याकडे खास आहे. गुडघेदुखी किंवा दम्यावर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या भुकटीत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार डॉक्टरांना वारंवार आढळतात. वर्षानुवर्षांचे दुखणे दोन दिवसांत गायब होणे, भूक अचानक वाढणे, महिना-दोन महिन्यांत चेहरा गोल होणे, ही शंका घेण्याची पुरेशी कारणे आहेत. अशी पुडी संशय येताच फेकून दिली तर वर पाहिलेला चौथा दिवस येथेही उगवू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जायचे, सकाळचे कॉर्टिसॉल तपासायचे आणि त्यांच्या देखरेखीखाली ओळखीच्या गोळीवर येऊन मग उतार सुरू करायचा.

गोरेपणाच्या आणि नायट्याच्या मलमांतूनही स्टेरॉइड घराघरांत पोहोचले आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानात प्रत्यक्षात काय होते ते सांगायला नको. चेहऱ्यावर लावलेल्या मलमाने त्वचा पातळ आणि लाल होते, बंद केले की अधिकच भडकते. मोठ्या भागावर, तीव्र ताकदीचे मलम महिनोन् महिने लावले तर ग्रंथीही झोपू शकते.

दम्याच्या पंपाचे गणित मात्र निराळे आहे. त्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसांत जाते. नेहमीच्या मात्रेत ग्रंथीवर होणारा परिणाम बहुतेकांमध्ये नगण्य असतो. फार मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांबाबत डॉक्टर सावध असतात. ‘पंपात स्टेरॉइड आहे’ हे कळल्यावर तो बंद करणाऱ्या रुग्णाला दम्याचा तीव्र झटका येतो आणि मग तोंडाने किंवा शिरेतून जे स्टेरॉइड द्यावे लागते, ते त्याने पंपातून महिनाभर ओढले असते त्याहून जास्त भरते.